खोट्या सहीचा चेक कुणाच्या पैशातून वटतो?



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पक्षकाराला आधी एकच विचारायचे : कागद काय आहे? माझा विषयही कागदाचाच आहे. एलएल.बी.च्या बँकिंग कायद्याच्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून बसलो की मी सुरुवात ठरलेल्या प्रश्नाने करतो. तो प्रश्न आज तुम्हालाही विचारतो.

तुमच्या खात्यात एक लाख रुपये आहेत. ते पैसे कुणाचे?

बहुतेक मुलं ताडकन सांगतात, "सर, माझे." काही जरा थांबतात आणि म्हणतात, "माझे, पण बँकेकडे सांभाळायला दिलेले." दुसरं उत्तर ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण दोन्ही चूक आहेत. पैसे बँकेचे आहेत. तुमचं आहे ते फक्त येणं. तुम्ही काउंटरवर नोटा दिल्या त्या क्षणी त्या नोटा बँकेच्या झाल्या आणि बँक तुमची देणेकरी झाली. 1848 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने फोली विरुद्ध हिल या खटल्यात हे सांगितलं आणि भारतीय न्यायालयंही तेच धरून चालतात. बँक तुमच्या पैशाची विश्वस्त नाही. तो पैसा ती कर्जाने देईल, गुंतवील, त्यावर नफा कमावील. त्याचा हिशेब तुम्हाला देणं तिच्यावर बंधनकारक नाही. तुम्ही मागाल तेव्हा तेवढी रक्कम परत करायची, एवढंच तिचं देणं.

धाराशिवकरांना हा धडा पुस्तकाबाहेरही मिळाला आहे. जानेवारी 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने याच गावच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. 99 टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं तेव्हा जाहीर झालं. हा विमा माणशी पाच लाखांपर्यंतचा. फेब्रुवारी 2020 पर्यंत ती मर्यादा एक लाखाचीच होती. पैसे खरोखरच ठेवीदाराचे असते, तर बँक बुडाली म्हणून त्यांना विम्याची वाट बघावी लागली नसती. आपली वस्तू उचलून घरी नेता आली असती. पण ठेवीदार हा विनातारण धनको असतो आणि पाच लाखांवरच्या रकमेसाठी त्याला अवसायकापुढे रांगेत उभं राहावं लागतं.

म्हणजे हा नियम ठेवीदाराच्या विरुद्ध जातो असं वाटेल. बँक बुडते तेव्हा तो तसाच जातो. पण खोट्या सहीचा चेक वटतो तेव्हा हाच नियम ठेवीदाराला वाचवतो. आजचं व्याख्यान मुख्यतः त्याबद्दल आहे.

तोंडी परीक्षेतला माझा दुसरा प्रश्न असा असतो. समजा, तुळजापुरात एका दुकानदाराचं चालू खातं आहे. त्याच्या मुनिमाने चेकबुकातलं एक पान फाडलं, मालकाची हुबेहूब सही केली आणि 68,000 रुपये काढून घेतले. कॅशियरने नमुना सहीचं कार्ड काढून ताडून बघितलं, सही जुळली, पैसे दिले. नुकसान कुणाचं?

इथे वर्गात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "सर, बँकेचा निष्काळजीपणा असेल तर बँक जबाबदार, नसेल तर दुकानदार." दुसरा म्हणतो, "चेकबुक कुलपात ठेवलं नाही, चूक दुकानदाराची." दोन्ही तट निष्काळजीपणा शोधत असतात आणि तिथेच फसतात. सही खोटी असेल तर बँकेने किती काळजी घेतली होती हा प्रश्न उरतच नाही. चेक म्हणजे खातेदाराने बँकेला दिलेला हुकूम : माझ्या येण्यातून या माणसाला एवढे द्या. सही खातेदाराची नसेल तर हुकूमच दिला गेलेला नाही. हुकमाशिवाय बँकेने पैसे दिले, तर ते तिने स्वतःच्या खिशातून दिले. दुकानदाराचं येणं जसंच्या तसं राहतं. बँकेने त्याच्या खात्याला 68,000 नावे टाकले ही चुकीची नोंद आहे, ती उलट फिरवायची, बस.

म्हणून मी मुलांना सांगतो की पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं की दुसऱ्याचं बरोबर येऊच शकत नाही. पैसे दुकानदाराचे आणि बँक राखणदार असं धरलं, तर राखणदाराने पुरेशी राखण केली का, हा प्रश्न येतो. पैसे बँकेचे आणि दुकानदार धनको असं धरलं, तर विचारायचं ते एवढंच : देणेकऱ्याने चुकीच्या माणसाला पैसे दिले म्हणून त्याचं देणं फिटतं का? फिटत नाही.

याला आपल्याकडचा आधारभूत निकाल 22 एप्रिल 1987 चा आहे. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन. हा निकाल न्यायमूर्ती खालिद यांनी लिहिला. घटना मंगळूरची. नावं सारखी असल्यामुळे मुलं गोंधळतात. पहिली बँक आणि दुसरी तिची खातेदार कंपनी. कंपनीचं चालू खातं व्यवस्थापकीय संचालकाच्या सहीने चाले. चेकबुक हिशेब बघणाऱ्या माणसाच्या ताब्यात असे. 1957 ते 1961 या काळात त्या माणसाने संचालकाची खोटी सही करून एकेक करत 42 चेक वटवले. एकूण रक्कम 3,26,047 रुपये 92 पैसे. त्या काळच्या मानाने ही फार मोठी रक्कम होती. 1961 साली दुसऱ्या एका हिशेबनीसाच्या नजरेला गडबड आली आणि सगळं उघड झालं.

आता बँकेच्या बाजूने विचार करा. तिची बाजू अगदीच लंगडी नव्हती. ती म्हणाली, चार वर्षं तुम्हाला खात्याचे उतारे मिळत होते. शिल्लक बरोबर असल्याची पत्रं तुम्ही सही करून देत होता. लेखापरीक्षण होत होतं. बेचाळीस वेळा गैरव्यवहार झाला आणि तुमच्या कंपनीत कुणाच्याच लक्षात आला नाही. मग आमच्या कारकुनाच्या लक्षात का यावा? चोरी तुमच्या घरातली, चोर तुमच्या पगारावरचा. चार वर्षं गप्प राहिलात म्हणजे ते व्यवहार तुम्ही मान्य केले.

सामान्य माणसाला हे पटतं. तोंडी परीक्षेत मी बँकेची बाजू घेऊन हेच बोलतो, तेव्हा निम्मी मुलं कचरतात. सर्वोच्च न्यायालय मात्र बधलं नाही. त्याने सांगितलं की खोट्या सहीच्या चेकवर बँकेला पैसे देण्याचा अधिकारच नव्हता. सुटायचं असेल तर खातेदाराला खोटेपणा माहीत होता आणि माहीत असूनही त्याने तो मान्य केला किंवा बँकेला अंधारात ठेवलं, हे बँकेने दाखवायचं. केवळ गप्प बसणं पुरत नाही, कारण जे माहीतच नाही त्याबद्दल गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. पासबुक किंवा उतारा रोज तपासून चुका कळवण्याचं कर्तव्य खातेदारावर कायद्याने टाकलेलं नाही. बँकेला ते हवं असेल तर तिने करारात तसं स्पष्ट लिहून घ्यावं. बँकेचं अपील फेटाळलं गेलं.

दोनच वर्षं आधी, 1985 मध्ये, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे हाँगकाँगची ताई हिंग कॉटन मिल आली होती. तिथे एका हिशेब कारकुनाने सुमारे तीनशे चेकांवर खोट्या सह्या करून सुमारे 55 लाख हाँगकाँग डॉलर काढले होते, तेही तीन बँकांतून. त्या बँकांनी करारात तशी कलमं घातलीसुद्धा होती, की इतक्या दिवसांत हरकत न आल्यास उतारा बरोबर समजू. तरीही बँका हरल्या. कलमं पुरेशी रोखठोक नव्हती. खातेदाराच्या डोक्यावर एवढं मोठं ओझं टाकायचं तर त्याला ते वाचता क्षणी कळायला हवं, असं प्रिव्ही कौन्सिलचं म्हणणं होतं.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसाठी एक जोड देतो. आपल्याकडे विकास सोसायटी असो, मजूर संस्था असो की दूध संघ, खातं दोन सह्यांनी चालतं. बिहारमधल्या बिहटा इथल्या ऊस उत्पादकांच्या सहकारी संघाचं तसंच होतं. एक सही खोटी असलेला चेक बँक ऑफ बिहारने वटवला. दोनापैकी एक सही खरी असली तरी हुकूम अर्धा होत नाही; तो मुळीच नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात सांगितलं. संघाच्या नोकरांनी चेकबुक नीट सांभाळलं नव्हतं, हा बँकेचा मुद्दाही चालला नाही.

मग खातेदार कधी हरतो? त्याचं नेमकं उदाहरण इंग्लंडमधलं आहे, ग्रीनवुड विरुद्ध मार्टिन्स बँक, निकाल 1932 चा. नवऱ्याच्या खात्यावर बायको त्याची खोटी सही करून पैसे काढत होती. नवऱ्याला ऑक्टोबर 1929 मध्ये कळलं. तिने गयावया केली, तो गप्प राहिला. आठ महिन्यांनी तिने पुन्हा फसवलं, तेव्हा तो बँकेकडे जातो म्हणाला. तिने आत्महत्या केली. मग त्याने बँकेवर दावा लावला आणि तो हरला. कारण त्याला माहीत होतं. त्याने वेळीच सांगितलं असतं तर बँकेला ती हयात असताना तिच्याविरुद्ध वसुलीचा मार्ग होता. त्याच्या मौनामुळे तो बुजला. कॅनरा सेल्सच्या कंपनीला माहीत नव्हतं, ग्रीनवुडला होतं. सगळा फरक तेवढाच.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. आपल्या खात्यावर खोटा चेक वटला हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून घड्याळ तुमच्या विरुद्ध चालू लागतं. त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज द्यायचा, त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची, चेकची प्रतिमा मागायची. चोर घरातला असेल तर "आधी आपसात मिटवू" म्हणून थांबणं फार महाग पडतं. आणि आपल्याकडे चोर बहुतेक वेळा घरातला नाही तर दुकानातलाच असतो. परक्याला तुमच्या सहीचं वळण कुठून माहीत असणार?

इथे कुणी विचारील की मालक म्हणतो मी अधिकार दिला नव्हता, आणि सही मात्र खरी आहे, तर काय? यासाठी मी विद्यार्थ्यांना आपल्याच इतिहासाकडे नेतो. सप्टेंबर 1948. सोलापूरकडून आलेलं भारतीय सैन्य पहिल्याच दिवशी नळदुर्गात उतरलं आणि हा जिल्हा निजामाच्या हातून सुटू लागला. त्याच महिन्यात लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या हैदराबाद सरकारच्या खात्यातून दहा लाख पौंडांहून अधिक रक्कम पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावावर वळवली गेली. हुकूम निजामाचे मंत्री मोईन नवाज जंग यांचा होता. निजामाने काही दिवसांत बँकेला कळवलं की माझी परवानगी नव्हती. बँकेने पैसे परत फिरवले नाहीत. प्रकरण 1957 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, पाकिस्तानच्या सार्वभौम संरक्षणाच्या मुद्द्यावर अडकलं आणि ती रक्कम बँकेत तशीच वाढत राहिली. अखेर 2 ऑक्टोबर 2019 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने भारत सरकार आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ती सुमारे 3.5 कोटी पौंड झाली होती. आपल्या विषयापुरता मुद्दा असा की तिथे सही खोटी असल्याचा वाद नव्हता. आतल्या गोटातला माणूस मर्यादा ओलांडून गेला, असा आरोप होता. असा वाद पैसे ज्याच्याकडे गेले त्याच्याशी लढावा लागतो आणि तो सत्तर वर्षंही चालू शकतो. खोट्या सहीत खातेदार थेट बँकेला म्हणू शकतो : माझं येणं जिथल्या तिथे आहे.

त्याला आणखी एक आधार आहे. मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद 22 नुसार बँकेतल्या मागणी-ठेवीच्या येण्याची तीन वर्षांची मुदत खातेदार मागणी करतो तेव्हापासून मोजतात. जुन्या नोंदी बघून घाबरलेल्या पक्षकाराला हे आधी सांगावं.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. तोच तुळजापूरचा दुकानदार. यावेळी त्याने स्वतः 8,000 रुपयांचा चेक खऱ्या सहीने लिहून दिला. घेणाऱ्याने कसल्याशा द्रावणाने अक्षरं पुसली, 80,000 केले, आणि बँकेने दिले. आता?

इथे निष्काळजीपणाचा प्रश्न परत येतो आणि मुलांचा गोंधळ दुप्पट होतो. सही खरी, म्हणजे हुकूम होता. फक्त मजकूर बदलला. परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम 89 म्हणतं की बदल दिसण्याजोगा नसेल आणि बँकेने चेकवर दिसणाऱ्या मजकुराप्रमाणे रीतसर पैसे दिले असतील, तर बँक सुटते. रीतसर म्हणजे काय, ते कलम 10 सांगतं : सद्भावाने, निष्काळजीपणाशिवाय, ज्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही अशा माणसाला. या कलमावरचा आपल्या घरचा निकाल बँक ऑफ महाराष्ट्रचा आहे. ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंग कंपनीच्या चेकमध्ये केलेला बदल साध्या डोळ्यांना दिसत नव्हता; अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली दिसला असता. शाखेत तो दिवा नव्हता. दिवा न ठेवणं हा निष्काळजीपणा, असं म्हणून उच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. शाखाशाखांत दिवा असलाच पाहिजे असं त्या काळच्या बँकिंगच्या रीतीवरून म्हणता येत नाही, म्हणून बँक सुटली. हा निकाल 1993 मध्ये प्रसिद्ध झाला.

माझं मत विचाराल तर हा निकाल आज जसाच्या तसा वापरता येणार नाही. त्यात निष्काळजीपणाचं माप त्या काळच्या रिवाजाचं आहे आणि रिवाज बदलला आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की साधारण दोन लाखांवरचे चेक अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बघा, पाच लाखांवरचे एकाहून अधिक पातळ्यांवर तपासा, आणि चेक क्लिअरिंगला आला की खातेदाराला एसएमएस करा. ज्या बँकेने आज यातलं काहीच केलं नाही, तिला "आमच्याकडे दिवा नव्हता" म्हणून सुटता येईल असं मला वाटत नाही. मात्र दिवा असला तरी अडचण संपत नाही, कारण आता चेक पैसे देणाऱ्या शाखेत येतच नाही. चेक ट्रंकेशन पद्धतीत कागद जमा करणाऱ्या बँकेतच थांबतो. पुढे जातात त्या तीन प्रतिमा, समोरची करड्या छटांतली, समोरची काळी-पांढरी आणि मागची काळी-पांढरी. स्क्रीनवरच्या करड्या प्रतिमेवर दिवा धरून उपयोग नाही. म्हणून परक्राम्य संलेख अधिनियमाच्या 2002 च्या दुरुस्तीने दोन सोयी केल्या. शंका आली तर पैसे देणारी बँक मूळ कागद मागवू शकते. आणि चेक स्कॅन करणाऱ्या बँकेवर कागदावर वरकरणी दिसणारी फसवणूक किंवा खोटेपणा तपासण्याचं कर्तव्य आलं. त्यामुळे अशा दाव्यात आता दोन बँका प्रतिवादी करायच्या असतात. नवशिके वकील एकच करतात आणि दुसरी हातची जाते.

1 जानेवारी 2021 पासून पॉझिटिव्ह पे आलं. 50,000 किंवा त्याहून मोठ्या रकमेचा चेक दिला की खातेदाराने क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम बँकेला आधी कळवायची. चेक आला की बँक ताडून बघते. पाच लाखांपासून पुढे बँकेला ते सक्तीचं करता येतं. याने बदललेली रक्कम पकडली जाते. पण कॅनरा सेल्सने दाखवलेल्या वाटेने, म्हणजे करारातून, खातेदारावर जबाबदारी सरकवण्याची सोयही बँकांना इथेच मिळते. खातं उघडतानाच्या अर्जातली बारीक अक्षरातली कलमं आता वाचायला हवीत ती यासाठी.

मध्येच एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे चेकपेक्षा विड्रॉल स्लिप जास्त चालते. ती परक्राम्य संलेख नाही, म्हणून त्या अधिनियमातलं बँकेचं संरक्षण तिला लागत नाही. पासबुक बरोबर आणलं होतं, हा बँकेचा बचाव नेहमी ऐकू येतो. पासबुक ही काही सही नव्हे.

शेवटचा प्रश्न गोपनीयतेचा. खोटा चेक उघडकीला आला. शाखाधिकाऱ्याने तो कुणाकुणाला सांगायचा?

बँकेने खातेदाराचं गुपित राखायचं, हा त्याच करारातला न लिहिलेला भाग आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने टूर्नियर खटल्यात, 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, तो नक्की केला. टूर्नियर नावाच्या फिरत्या विक्रेत्याच्या खात्यावर सुमारे नऊ पौंडांची उचल झाली होती. दर आठवड्याला एक पौंड फेडायचं त्याने कबूल केलं आणि नव्या मालकाचं नाव-पत्ता बँकेला दिला. हप्ते थकले. शाखाधिकाऱ्याने त्याच्या घरचा पत्ता विचारायला मालकाला फोन केला आणि बोलता बोलता सांगून टाकलं की हा बाकीदार आहे, शिवाय याचा पैसा सट्टेवाल्याकडे जातो. नोकरीचा करार पुढे चालू राहिला नाही. गंमत म्हणजे सट्टेवाल्याची माहिती टूर्नियरच्या स्वतःच्या खात्यातून आलीच नव्हती. दुसऱ्या एका खातेदाराने त्याला दिलेला चेक त्याने पुढे सही करून दिला होता आणि तो कुठे जमा झाला याचा बँकेने माग काढला होता. तरीही ते गुपितच. न्यायालयाने बँकेला चार वेळा बोलायची मुभा दिली : कायद्याने भाग पाडलं तर, सार्वजनिक हिताचं कर्तव्य असेल तर, बँकेच्या स्वतःच्या हितासाठी गरज असेल तर, आणि खातेदाराची संमती असेल तर.

आपल्या खोट्या चेकला हे लावून बघू. पोलिसांनी कायद्याप्रमाणे नोंदी मागितल्या तर द्याव्या लागतात. बँक स्वतः फिर्यादी होईल किंवा मुनिमावर वसुलीचा दावा लावील, तर त्यापुरतं बोलणं हे तिचं हित. पण शाखाधिकाऱ्याने चहाच्या टपरीवर "अमक्याच्या मुनिमाने एवढे उडवले" असं सांगितलं, तर चारातला कोणताच दरवाजा त्याला उघडा नाही. त्याने दुकानदाराच्या खात्याची रक्कम सांगितली, ही गोष्ट मुनीम चोर असल्यामुळे माफ होत नाही.

राष्ट्रीयीकृत बँकांना हे बंधन 1970 च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याच्या कलम 13 ने घातलं आहे, स्टेट बँकेला तिच्या कायद्याच्या कलम 44 ने, ग्रामीण बँकांना 1976 च्या कायद्याच्या कलम 25 ने. जिल्हा मध्यवर्ती बँकेला यातलं एकही कलम लागत नाही. तिच्यावरचं बंधन टूर्नियरमधलंच, करारातून येणारं.

इथे एक प्रश्न आहे ज्याचं उत्तर मी गुण देताना बरोबर-चूक असं ठरवत नाही. डिसेंबर 2019 मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. दोन लाखांपर्यंतची थकबाकी माफ व्हायची होती, आणि पात्र शेतकऱ्यांच्या याद्या गावात चावडीवर आणि बँकेत लागल्या. कोण थकबाकीदार आहे, हे अख्ख्या गावाने वाचलं. मग बँकेच्या गुपिताचं काय?

एका मुलाने उत्तर दिलं, "सर, संमती." मी विचारलं, शेतकऱ्याने आधार लावून खात्री केव्हा केली? यादी लागल्यावर. मग आधीची संमती कुठून आली? तो थांबला. शेजारची मुलगी म्हणाली, "कायद्याने भाग पाडलं." मी विचारलं, शासन निर्णय हा कायदा का? तिने दुसरा धागा पकडला : सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा निबंधक विरुद्ध कॅनरा बँक या 2004 च्या निकालात बँकेतल्या कागदांवरचा खातेदाराचा खासगीपणा मानला आणि आंध्र प्रदेशने मुद्रांक कायद्यात केलेली दुरुस्ती, जिच्यामुळे कुणाही अधिकृत माणसाला बँकेत शिरून कागद तपासता येत होते, ती रद्द ठरवली. तिचं म्हणणं होतं, जे कायद्यालाही सहज जमलं नाही ते शासन निर्णयाला कसं जमेल? मी म्हणालो, मग शेतकऱ्याने जिल्हा बँकेवर दावा लावावा का? ती म्हणाली, "नुकसान काय दाखवणार सर? कर्ज तर माफ झालं." मग जरा थांबून म्हणाली, "ज्याचं नाव यादीत आलं आणि माफी मिळालीच नाही, तो लावू शकेल."